मेसचे खाडे, डबे आणि हिशोब: संशोधनाचा सारांश आणि त्यामुळे बदललेले निर्णय

प्रॉडक्ट, डिझाइन आणि डेव्हलपमेंटच्या सगळ्यांसाठी. काम जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून मार्चअखेरपर्यंत चाललं.

आधी मुद्द्याचं. आपण मेसच्या ॲपमध्ये ‘पॉज’ नावाचं बटण बनवत होतो. पुण्यात ज्याला खाडा म्हणतात तेच आपण बनवतोय, अशी आपली समजूत होती. ती चुकीची निघाली. ‘आज जेवायला नाही’ एवढं सांगितलं म्हणजे खाडा झाला, असं नसतं. सांगणार मेंबर, पण तो धरायचा की नाही हे ठरवणार काकू. आपल्या बटणात काकू कुठेच नव्हत्या. पुढचे बहुतेक बदल यातूनच आले आहेत.

काय केलं, कसं केलं

नऊ मेस पाहिल्या: सदाशिव पेठ आणि नवी पेठेत पाच, कर्वेनगरात तीन, कोथरूडला एक. तिघीजणी फक्त डबे देतात, बाकीच्यांकडे बसून जेवायची सोय आहे. प्रत्येक ठिकाणी एक पूर्ण सकाळ स्वयंपाकघरात काढली. प्रश्न नंतर, आधी नुसतं बघायचं. सोळा मेंबरांच्या मुलाखती घेतल्या. त्यात स्पर्धा परीक्षेवाले जास्त, मग इंजिनिअरिंगची मुलं, तीन नोकरदार आणि एकटे राहणारे, डबा लावलेले एक आजोबा. अकरा मेंबरांनी चौदा दिवस रोज रात्री व्हॉट्सॲपवर आवाजी निरोप पाठवून ‘आज जेवणाचं काय झालं’ ते सांगितलं. लिहायला सांगितलं असतं तर चौथ्या दिवशी सगळे गळाले असते. बोलायचं होतं म्हणून नऊ जण शेवटपर्यंत टिकले.

युजेबिलिटी टेस्टच्या दोन फेऱ्या झाल्या, पहिली कागदी स्क्रीनवर, दुसरी फोनवर. दर फेरीत पाच मेंबर आणि चार काकू. पाच माणसांत बहुतेक मोठ्या अडचणी सापडतात, या जेकब नील्सन यांच्या जुन्या हिशोबाचा आपल्याकडे नेहमी दाखला दिला जातो. पण तो एकसारखं काम करणाऱ्या एका गटापुरता आहे. मेंबर आणि काकू एकाच गटात धरले असते तर आपलीच फसवणूक झाली असती.

सिस्टिम युजेबिलिटी स्केल, म्हणजे जॉन ब्रूक यांची 1986 सालची दहा विधानांची प्रश्नावली, पहिल्या फेरीत वापरली आणि सोडून दिली. तिच्यात एक विधान सरळ, पुढचं उलट असं येतं. मराठीत ‘मला हे विनाकारण किचकट वाटलं’ यावर ‘अजिबात सहमत नाही’ म्हणताना तीन काकूंनी उलटं उत्तर दिलं आणि तोंडाने मात्र ‘सोपं आहे की’ म्हणाल्या. तो आकडा या अहवालात मुद्दाम दिलेला नाही.

कर्वेनगरातली एक सकाळ

सहा चाळीसची वेळ. काकूंचे दोन्ही हात कणकेत. ओट्यावरचा फोन वाजला, भाचीने स्पीकरवर टाकला. ‘काकू, संध्याकाळी नाही येत.’ काकू ‘बरं’ म्हणाल्या आणि भाचीला म्हणाल्या, ‘त्या चौथ्या मजल्यावरच्याचा संध्याकाळचा मांड.’ भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकटीत एक अक्षर आणि त्याभोवती गोल. गोल म्हणजे संध्याकाळ, फुली म्हणजे दुपार. सगळा बॅकएंड तो एवढाच.

रात्री आठ वाजता तोच मुलगा जेवायला हजर. काकूंनी काही न बोलता ताट वाढलं आणि गोलावर रेघ मारली. मी विचारलं तर म्हणाल्या, ‘ताट वाढलंय ना, मग खाडा कसला.’ याच काकूंनी न सांगता तीन दिवस गावी गेलेल्या एकाचे खाडे धरले नाहीत, आणि आजी वारली म्हणून न सांगता गेलेल्या दुसऱ्याचे पाचच्या पाच धरले. ‘सलग चार असतील तरच धरायचे’ हा नियम त्यांच्या दारावर लिहिलेला आहे. तो आहेही आणि नाहीही.

काय बदललं

‘पॉज’ गेलं, ‘खाडा’ आलं. नुसतं नाव बदललं नाही, त्यामागचं कामही बदललं. मेंबरने दाबलं की ‘कळवलं’ एवढंच दिसतं, पैसे आपोआप वजा होत नाहीत. महिनाअखेरीला काकूंना यादी दिसते आणि त्या एकेकापुढे ‘धरला’ किंवा ‘नाही’ करतात. डेव्हलपमेंटकडून आक्षेप आला की यात ऑटोमेशन उरलं कुठे. उरलं नाही, हे खरं आहे. पण दुसऱ्या फेरीत चारही काकूंनी ही यादी न विचारता वापरली. पहिल्या फेरीत आपोआप झालेली वजावट बघून दोघींनी फोन खाली ठेवला होता.

कळवायची शेवटची वेळ आपण सगळ्यांना रात्री बाराची ठेवली होती. बारा वाजता काहीच घडत नाही. वेळ ठरते ती कणीक मळण्यावरून. आता प्रत्येक मेस दुपारची आणि संध्याकाळची वेळ स्वतः ठरवेल.

काकूंचा आलेखांचा डॅशबोर्ड रद्द. मला तो दाखवायचीच लाज वाटली. एकीने ‘हे शेअर बाजाराचं आहे का?’ असं विचारलं. आता पहिल्या स्क्रीनवर मोठ्या आकड्यांत दोनच ओळी: दुपारी ताटं किती, डबे किती. बाजूच्या बटणाने ते आकडे मराठीत बोलून दाखवले जातात, कारण हात पिठाचे असतात. उपवासाचे किती हा आकडा संकष्टी आणि एकादशीलाच वर येतो.

पैशाच्या आपोआप आठवणी काढून टाकल्या. घरून पैसे पाच-सात तारखेला येतात हे काकूंना माहीत असतं. एक तारखेला त्यांच्या नावाने निरोप गेला तर ‘मी मागितले असं वाटेल’ हे सहा जणींनी वेगवेगळ्या शब्दांत सांगितलं. त्याजागी मेंबर स्वतः तारीख टाकतो, ‘सातला देतो’ अशी. ती तारीख उलटली तरच काकूंना दिसते, मेंबरला काहीही जात नाही.

न बदललेलं एक: ओटीपीने लॉगिन. चार घरांत फोन नंबर काकांच्या नावावर आहे आणि सकाळी ते मंडईत असतात. काकूंना ओटीपी विचारायला त्यांना फोन लावावा लागतो, आणि मंडईत फोन ऐकू येत नाही. मी पिनचा आग्रह धरला होता, सुरक्षेच्या कारणाने तो मान्य झाला नाही. माझ्या मते हा निर्णय चुकला आहे.

कुठे विश्वास ठेवू नये

मेंबर आम्हाला काकूंनीच गाठून दिले, म्हणजे मेसवर खूश असलेलेच जास्त भेटले. सोडून गेलेल्यांपैकी फक्त दोघांशी बोलणं झालं. हिंजवडीकडचे डबे यात नाहीत. पहिल्या फेरीत दोन मुलांना मी ‘हे बटण सोपं वाटतंय ना?’ असं विचारून बसले. त्या दोन मुलाखतींतलं त्या बटणाबद्दलचं काही इथे घेतलेलं नाही.

राहिलेलं

रविवारी दुपारी फीस्ट आणि संध्याकाळी मेस बंद. मग शनिवार-रविवार गावी गेलेल्याचे खाडे तीन की चार? नऊ मेसमध्ये याची चार उत्तरं मिळाली. सध्या ॲप रविवार संध्याकाळ मोजतच नाही. एप्रिलच्या पहिल्या बिलांनंतर नवी पेठेतल्या दोन मेसमध्ये पुन्हा बसणार आहे. डिझाइनमधून कोणी सोबत येणार असेल तर सकाळी साडेसहाला यावं लागेल. चहा काकू देतात.