टेक्निकल आर्टिस्ट पदासाठी अर्ज

फोंडा, गोवा
14 जुलै 2025

प्रति,
आर्ट डायरेक्टर, पणजी

महोदया,

सप्रेम नमस्कार. आपल्या स्टुडिओत टेक्निकल आर्टिस्ट हवा असल्याची जाहिरात वाचून हा अर्ज करत आहे. मी यंदा फर्मागुढीच्या गोवा कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगमधून कॉम्प्युटर इंजिनिअरिंगची पदवी घेतली. नोकरीचा अनुभव नाही, म्हणून केलेल्या कामाबद्दलच लिहिते.

शेवटच्या वर्षी मी आणि आल्तिनोच्या गोवा कॉलेज ऑफ आर्टमधली माझी मैत्रीण, दोघींनी मिळून युनिटीमध्ये पावसातल्या एका जुन्या घराचा देखावा तयार केला. चिऱ्याच्या भिंती, मंगळुरी कौले, अंगणात तुळशीवृंदावन. मॉडेल आणि टेक्स्चर तिचे. शेडर, पाऊस आणि ब्लेंडरमधून युनिटीत येण्याची सगळी वाट माझी. तिची एकच अट होती: भिजलेला चिरा भिजलेलाच दिसला पाहिजे, तेल लावल्यासारखा नाही.

बहुतेक ठिकाणी ओलेपणा म्हणजे रफनेस कमी करून चमक वाढवणे एवढेच केलेले असते. चिऱ्याला ते शोभत नाही, कारण तो सच्छिद्र दगड. छिद्रांत पाणी भरले की प्रकाश आतल्या आत जास्त शोषला जातो आणि दगडाचा रंग गडद होतो. चमक नंतर येते, पृष्ठभागावर पाण्याचा थर साचला की. शेजारच्या खिडकीचा रंगवलेला लोखंडी गज मात्र काळवंडत नाही, नुसता चमकतो. म्हणून मी मास्क टेक्स्चरच्या एका चॅनेलमध्ये सच्छिद्रता ठेवली, दुसऱ्यात उंची. सच्छिद्रतेवरून रंग किती गडद व्हायचा ते ठरते, उंचीवरून पाणी आधी कुठल्या खळग्यात साचायचे ते. पागोळ्यांची ओल भिंतीवर कुठे उतरते हे मैत्रीण व्हर्टेक्स कलरने स्वतः रंगवते. त्यासाठी तिला माझ्याकडे यावे लागत नाही, आणि मला वाटते, टेक्निकल आर्टिस्टचे खरे काम तेच.

हे सगळे साध्या अँड्रॉइड फोनवर चालवायचे होते. सेकंदाला 30 फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमला जेमतेम 33 मिलिसेकंद मिळतात. पावसाचे हजारो पारदर्शक कण एकमेकांवर चढून ओव्हरड्रॉ वाढवत होते. त्यांच्या जागी कॅमेऱ्याभोवती दोन पोकळ नळकांडी ठेवून त्यांवर सरकते टेक्स्चर लावले. जवळचा पाऊस वेगाने, लांबचा सावकाश. टेक्स्चर एएसटीसी 6×6 मध्ये दाबली. 2048×2048 चे एक टेक्स्चर न दाबता 16 एमबी खाते, तसे दाबल्यावर मिपमॅप वगळून सुमारे 1.8 एमबी.

ब्लेंडरसाठी पायथनमध्ये एक्स्पोर्टचे छोटे साधनही लिहिले आहे. स्केल अप्लाय केलेले नाही, लाइटमॅपचा दुसरा यूव्ही नाही, नाव ठरल्याप्रमाणे नाही, असे काही आढळले की ते साध्या मराठीत सांगते आणि चुकीचा ऑब्जेक्ट निवडून दाखवते. एरर कोड दाखवला की कलाकार साधन वापरणे सोडून देतात, हे मी शेजारी बसून पाहिले आहे.

आपल्या खारफुटीतल्या होडीच्या गेमचा डेमो मी खेळले. ओहोटीला चिखलावर येणारा करडा-जांभळा रंग इतका खरा आहे की चोडणच्या फेरीतून दिसणारा काठ आठवला. माझ्या फोनवर होडी झाडांत शिरली की मात्र वेग पडतो. माझा अंदाज असा की पानांचे चौकोनी कार्ड बरेचसे रिकामे आहेत आणि अल्फा टेस्टमुळे ते रिकामे पिक्सेलही जीपीयूला तपासावे लागतात. पानांच्या कडेने मेश कापून घेतला तर व्हर्टेक्स थोडे वाढतील, पण मोबाईलवर हा सौदा बहुधा परवडतो. प्रोफायलर न लावता याहून ठामपणे बोलणे बरोबर नाही. संधी मिळाली तर पहिल्याच आठवड्यात ते मोजून पाहायला आवडेल.

शेडर, सी शार्प आणि पायथनमध्ये माझा हात बसलेला आहे. हूडिनी नुकतेच शिकायला घेतले आहे. रिगिंगचे मला फक्त मूलभूत ज्ञान आहे, आणि आपल्या जाहिरातीत त्याचा उल्लेख आहे म्हणून हे आधीच सांगते.

मोठ्या शहरातल्या मोठ्या कंपनीत बहुधा एकाच कोपऱ्यातले काम वाट्याला आले असते. मला चित्रकाराच्या आणि प्रोग्रामरच्या टेबलामध्ये बसायचे आहे, तेही इथल्या दगडमातीवर आणि पाण्यावर गेम करणाऱ्या लोकांबरोबर.

बायोडेटा, देखाव्याचा व्हिडिओ आणि शेडरचा कोड सोबत जोडला आहे. चाचणी म्हणून एखादे काम दिलेत तर आनंदाने करीन. फोंड्याहून पणजीला रोज ये-जा करणे मला सोयीचे आहे आणि चवथीच्या आधीही रुजू होऊ शकते. भेटीला बोलावलेत तर देखावा फोनवर चालवून दाखवीन.

आपली विश्वासू,
सायली नाईक