बेड ७ च्या काकांचा केअर प्लॅन: माझा रिव्ह्यू

तुझा प्लॅन काल रात्री वाचला आणि आज सकाळी राऊंडच्या आधी काकांची फाईल शेजारी ठेवून परत एकदा वाचला. आधी चांगलं सांगते कारण ते खरंच चांगलं आहे. असेसमेंटची दोन पानं मन लावून लिहिली आहेस. काका ६४ वर्षांचे, सीओपीडीचं एक्झासरबेशन, अॅडमिशनचा दुसरा दिवस, रेस्पिरेटरी रेट २८, पल्स ११२, रूम एअरवर सॅच्युरेशन ८६ आणि २ लिटर नेझल प्रॉंग्जवर ९०, एबीजीत पीएच ७.३४ आणि पीसीओटू ५८, पिवळा घट्ट कफ, वजन ४८ किलो, बीएमआय १७.६, पाठीखाली सेक्रमवर लाली, स्टिरॉइड सुरू झाल्यावर जेवणानंतरची शुगर २६८, पोटॅशियम ३.२. हे सगळं तू स्वतः शोधून लिहिलंस, कोणाच्या वहीतून उतरवलेलं नाही हे वाचताना कळतं. ब्रेडन स्कोर १४ पण बरोबर काढलास.

पण तिसऱ्या पानावर प्लॅन सुरू झाला आणि हे काका गायबच झाले, तिथून पुढे कोणत्याही सीओपीडी पेशंटला चालेल असा प्लॅन आहे. शुगर, पोटॅशियम, पीसीओटू यातलं काहीच प्लॅनमध्ये उतरलं नाही, तुझ्या प्लॅनची सगळ्यात मोठी अडचण हीच आहे असं मला वाटतं. बाकीच्या बऱ्याच चुका यातूनच आल्यात.

आता प्रायॉरिटी. तू एक नंबरला अँग्झायटी घेतलीस, दोनला नॉलेज डेफिसिट आणि इम्पेअर्ड गॅस एक्सचेंज तीनला. अँग्झायटी वर का गेली ते कळतं मला, काका तुला म्हणाले की आडवं झालं की जीव जातो असं वाटतं आणि ते तुझ्या मनाला लागलं. लागायलाच हवं. पण त्यांची भीती दम लागण्यातून आलीये ना, मग दम कमी झाल्याशिवाय भीती जाणार कशी? गॅस एक्सचेंज पहिल्या नंबरला घे. इनइफेक्टिव्ह एअरवे क्लिअरन्स तर तू लिहिलंच नाहीस आणि असेसमेंटमध्ये मात्र घट्ट कफ आणि कमजोर खोकला दोन्ही आहे, ते दुसऱ्या नंबरला हवं. कोणी म्हणेल एबीसी मध्ये ए आधी येतो म्हणून एअरवे पहिला, तसं लिहिलंस तरी मी मार्क कापणार नाही, फक्त कारण लिही. मी गॅस एक्सचेंज वर ठेवते कारण काका खोकून थोडा का होईना कफ काढतायत पण पीएच आत्ताच ७.३५ च्या खाली आहे, पहिला धोका तिथून आहे.

त्यानंतर शुगर आणि पोटॅशियम, मग स्किन, मग न्यूट्रिशन आणि अॅक्टिव्हिटी इनटॉलरन्स. नॉलेज डेफिसिट शेवटी. २८ च्या रेटने श्वास घेणाऱ्या माणसाला आज इन्हेलरचं शिकवायला बसलीस तर त्यांच्या कानावरही पडणार नाही. अँग्झायटी खाली गेली म्हणजे तिच्यासाठी काही करायचं नाही असं नाही हं, दम लागला की त्यांच्याजवळ थांबणं, हळू आवाजात एकेक सूचना देणं, चेहऱ्यावर पंख्याचा वारा येऊ देणं हे आजपासूनच कर.

स्किनबद्दल थांबून सांगते. तू रिस्क फॉर इम्पेअर्ड स्किन इंटिग्रिटी लिहिलंस, पण तुझ्याच असेसमेंटमध्ये 'दाबल्यावर लाली जात नाही' असं आहे. म्हणजे ही स्टेज १ प्रेशर इंजुरी झाली, रिस्क नाही राहिली. रिस्क तेव्हा लिहायचं जेव्हा फक्त कारणं आहेत आणि खूण अजून दिसत नाही. आणि इंटरव्हेन्शनमध्ये 'लालसर जागेवर हलका मसाज' लिहिलंय ते काढून टाक, तिथलं टिश्यू आधीच दुखावलेलं असतं, चोळलं की अजून बिघडतं. दर दोन तासांनी पोझिशन बदलणे लिहिलंस ते पुस्तकाप्रमाणे ठीक, पण हे काका आडवे होऊच शकत नाहीत, दिवसभर ताठ बसून असतात आणि सगळा भार सेक्रमवरच, शिवाय खाली घसरण्यामुळे शिअर वेगळा. म्हणून गुडघ्याखाली थोडा उठाव दे म्हणजे खाली सरकणार नाहीत, प्रेशर कमी करणारी गादी माग, आणि पुढे टेबलावर उशी ठेवून ओणवं बसायची पोझिशन अधूनमधून दे, त्यात श्वासालाही बरं वाटतं आणि सेक्रमवरचा भारही हलतो. प्रॉंग्जची नळी कानामागे घासते तिथली त्वचा पण रोज बघ.

गोल्स. 'रुग्णाचा श्वास सुधारेल', 'रुग्णाला आराम वाटेल' हे मोजणार कशाने? उद्याच्या शिफ्टची सिस्टर आली तर तिला कसं कळणार सुधारला की नाही? पण याहून जास्त काळजी मला तुझ्या मोजता येणाऱ्या दोन गोल्सची वाटली. पहिला, 'सॅच्युरेशन ९५ टक्क्यांच्या वर राहील'. आकडा आहे, मोजता येतो, आणि या पेशंटसाठी धोक्याचा आहे. पीसीओटू ५८ असलेल्या सीओपीडी पेशंटचं टार्गेट ८८ ते ९२ असतं, ९५ गाठायला कोणीतरी ऑक्सिजन वाढवणार आणि सीओटू अजून साठणार. माझ्या सुरुवातीच्या नोकरीत नाईटला एक असेच आजोबा होते, कोणीतरी मास्कवर १० लिटर लावून ठेवलेला, सॅच्युरेशन ९९, आणि हँडओव्हरला मला सांगितलं गेलं की आज पहिल्यांदाच शांत झोपलेत. मीपण मॉनिटर बघून समाधानाने पुढे गेले. ते झोपलेले नव्हते, सीओटू साठून गुंगीत होते, हाक मारली तर डोळेच उघडेनात. वेळेत बायपॅप लागला म्हणून वाचले. तेव्हापासून चांगला आकडा दिसला तरी मी पेशंटला हाक मारते.

म्हणून हा गोल असा लिही: पुढच्या २४ तासांत २ लिटर नेझल प्रॉंग्जवर काकांचं सॅच्युरेशन ८८ ते ९२ टक्के राहील, रेस्पिरेटरी रेट २४ च्या खाली येईल आणि हाक मारल्यावर ते जागे होऊन नीट उत्तर देतील.

दुसरा, 'एका आठवड्यात वजन ५ किलो वाढेल'. हा जमणारा नाहीच, पण समजा खरंच आठवड्यात ५ किलो वाढले तर मी खूश होणार नाही, आधी पायांवर सूज बघेन, कारण सीओपीडीत हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येऊन पाणी साठतं आणि ते वजनात दिसतं. त्यापेक्षा लिही की तीन दिवसांत काका प्रत्येक जेवणाचं किमान तीन चतुर्थांश खातील आणि डिस्चार्जपर्यंत वजन ४८ च्या खाली जाणार नाही. थोडं थोडं सहा वेळा खाणं, जेवणाआधी विश्रांती, जेवताना प्रॉंग्ज चालू ठेवणं आणि डाएटिशियनला रेफरल हे खाली जोड. 'भरपूर साखरेचे पदार्थ' मात्र काढ, शुगर २६८ आहे.

अजून एक, 'रुग्णाला इन्हेलरची माहिती देणे' हा गोल नाही, ते तुझं काम झालं. गोलमध्ये कर्ता पेशंट हवा. डिस्चार्जच्या आधी काका स्पेसर लावून इन्हेलर कोणी आठवण न करता स्वतः वापरून दाखवतील, आणि स्टिरॉइड इन्हेलरनंतर चूळ भरायची हे स्वतः सांगतील, असं.

इंटरव्हेन्शन्समध्ये सगळ्यात आधी ही ओळ काढ: 'झोप येत नसल्यास डॉक्टरांना विचारून झोपेची गोळी देणे'. सीओटू साठणाऱ्या पेशंटला सिडेटिव्ह म्हणजे श्वास अजून दाबणं, तुला हे माहीत आहे, फार्माकॉलॉजीत मी विचारलेलं. सकाळच्या प्रेडनिसोलोनचा डोस उशिरा जातोय का ते चार्टवर बघ, झोप उडायचं ते एक कारण असू शकतं.

'व्हायटल्स मॉनिटर करणे', 'ऑक्सिजन देणे', 'नेब्युलायझेशन देणे' या ओळींनी कोणीच काम करू शकणार नाही. किती वेळाने, कशाने, किती लिटर, आणि आधी-नंतर काय बघायचं? नेब्युलायझेशनच्या आधी आणि नंतर छाती ऐकणं, पल्स बघणं, हात थरथरतात का बघणं. साल्ब्युटामॉल आणि स्टिरॉइड दोन्हीने पोटॅशियम खाली जातं आणि इथे ते आधीच ३.२ आहे, म्हणजे डॉक्टरांना कळवणं आणि रिदमवर लक्ष ठेवणं आलंच पाहिजे. नेब्युलायझर ऑक्सिजनवर न चालवता एअरवर चालवायचा आणि त्यावेळी प्रॉंग्ज चालू ठेवायच्या, हे या पेशंटसाठी डॉक्टरांशी बोलून ऑर्डरमध्ये लिहून घे. शुगर जेवणाआधी आणि झोपताना, टार्गेट साधारण १४० ते १८०, डॉक्टर काय सांगतात ते फाईलमध्ये बघून लिही. कफासाठी हफ कफिंग, पाणी पिण्यावर बंधन नसेल तर दिवसाला दीड ते दोन लिटर, तोंडाची स्वच्छता. पर्स्ड लिप ब्रीदिंग दम थोडा कमी असताना दोन-दोन मिनिटं.

आणि डॉक्टरांना कधी बोलवायचं हे प्लॅनमध्ये कुठेच नाही. हे मला सगळ्यात जास्त खटकलं. लिही: काका गुंगीत वाटले, सकाळी डोकं दुखतंय म्हणाले, बोलणं असंबद्ध झालं, हात पुढे धरल्यावर फडफडले, रेट ३० च्या वर गेला किंवा ८ च्या खाली आला, किंवा सांगितलेल्या ऑक्सिजनवर सॅच्युरेशन ८८ च्या खाली राहिलं तर लगेच कळवायचं, एबीजी परत लागेल हे धरूनच.

इव्हॅल्युएशनच्या कॉलममध्ये सहाही ठिकाणी 'गोल अचिव्ड' आणि तारीख प्लॅन लिहिल्याच्याच दिवसाची. हे असं नको करूस. गोल अर्धवट झाला असेल तर अर्धवट लिही, दुपारी २ वाजता रेट २६, सॅच्युरेशन ९०, गोल पार्शली मेट, प्लॅन तसाच पुढे. 'नॉट मेट' लिहिल्याने कोणी मार्क कापत नाही.

गुरुवारी सकाळी ८ च्या आधी पहिले चार प्रॉब्लेम परत लिहून आण, सगळे आठ नकोत. आणि येताना आधी काकांना भेटून ये, आजचे आकडे घेऊन, कारण कालचा ९० आज काय झालाय ते मलाही माहीत नाही.