नमस्कारला उत्तर

रात्री 8:52 — समोरून
नमस्कार

8:54 — मी
नमस्कार, रामराम! कवठेपिरानचा हळद कुकरवाला बोलतोय, बरं झालं मेसेज केलात.
काढणीचं असू दे, शिजवायचं असू दे, नाहीतर नुसतं विचारायचं असू दे. सावकाश लिहा, लिहायला जमत नसलं तर बोलून पाठवा, मी जागाच आहे.

9:17 — समोरून
दादा, मगापासून तीनदा लिहिलं आणि खोडलं. मी आष्ट्याकडनं बोलते. आमच्या ह्यांच्या वहीत तुमचा नंबर सापडला, शेजारी "हळद कुकर" असं लिहिलंय. ते दिवाळीच्या आधी गेले. वीस गुंठे हळद रानात उभी आहे, लावण त्यांनीच केली होती. पाला पिवळा पडून वाळत चाललाय. मी भांगलण केलीय, भरणीला हाताखाली राबलीय, पण काढणी, शिजवण, वाळवण हे सगळं तेच बघायचे. एक जण ओलीच द्या म्हणून दोनदा दारात येऊन गेला. आत्ता देऊन टाकावी का? मुलगा बारावीला आहे, त्याला ह्यात ओढायचं नाही. कुणाला विचारायचं तेच कळत नव्हतं.

9:21 — मी
वहिनी, भाऊ गेल्याचं मला आज तुमच्याकडनंच कळतंय. मागच्या तीन हंगामांत त्यांची हळद मीच शिजवली. कुकर लावायच्या आधी खळं स्वतः झाडून ठेवणारी माणसं कमी असतात, ते त्यातले होते.
तुम्ही विचारलंत ते चांगलं केलंत. ओली देऊ नका. निदान आज तरी त्याला हो म्हणू नका. आता एकेक सांगतो.

9:34 — मी
पाणी तोडलंय का? नसलं तर उद्यापासून बंद करा. काढणीआधी साधारण पंधरा दिवस रान पाण्याविना राहिलं की कंद पक्का होतो आणि खणताना मातीही कमी चिकटते. पाला पूर्ण वाळला की जमिनीलगत कापून घ्या आणि चार-पाच दिवस रान तसंच तापू द्या. कापलेला पाला जाळू नका, पुढं कामाला येतो.

खणायला कुदळीवाल्या बायका लावा आणि स्वतः बांधावर उभ्या राहा. हळकुंड तुटलं की तिथंच नुकसान, म्हणून घाई करणारीला थोडं थांबवायचं. गड्डे काढले की आपटून माती झाडायची आणि जागेवरच वेगळं करायचं: जेठे गड्डे एकीकडं, बगल गड्डे दुसरीकडं, हळकुंडं तिसरीकडं. हे तुम्हाला भाऊंच्या हाताखाली बघून माहीत असणार.

9:36 — समोरून
जेठे गड्डे ते बेण्याला ठेवायचे. आंब्याखाली.

9:41 — मी
बघा, माहीत आहे की तुम्हाला! तसंच करायचं. सावलीत ढीग लावायचा आणि वर हळदीचाच वाळका पाला पसरायचा. त्यासाठीच म्हटलं जाळू नका. त्यातले कुजके, कीड लागलेले आधीच निवडून बाहेर काढा. एक नासका गड्डा ढिगात राहिला की शेजारच्यांना घेऊन जातो. अक्षय तृतीयेपासून लावण सुरू होते, तोवर ते नीट राहतात. पुढच्या साली हळद करायची की नाही हे आज ठरवू नका. पण बेणं मात्र राखा. नाही लावलं तर बेण्याला गिऱ्हाईक मिळतंच.

9:43 — समोरून
आणि शिजवायला उशीर झाला तर? माणसं मिळत नाहीत लवकर.

9:52 — मी
काढल्यावर जास्त दिवस ठेवायची नाही. ढीग उघडा उन्हात पडू द्यायचा नाही, पाल्यानं झाकायचा. म्हणून खणणीची तारीख आधी मला सांगा, मी त्याच्या मागोमाग येतो.

शिजवताना हळकुंडं आणि गड्डे एकत्र घालायचे नाहीत. गड्डा जाड, त्याला वेळ जास्त लागतो. एकत्र घातलं तर एक कच्चं राहतं नाहीतर दुसरं गळून जातं. जास्त शिजली तर रंग मरतो, कमी शिजली तर वाळल्यावर ठिसूळ होते आणि पॉलिशच्या ड्रममध्ये तुकडे पडतात. आपल्या कुकरला वाफेवरच शिजते, पूर्वीच्या काहिलीसारखी पाण्यात उकळत नाही. तरी खूण तीच: वास रानभर सुटतो, आणि बाभळीचा काटा किंवा काडी हळकुंडात टोचली की न अडकता आत जाते. भाऊ दर वेळी स्वतः टोचून बघायचे, माझ्यावर सोडायचे नाहीत. तुम्हीही टोचून बघा. मला राग येणार नाही.

10:03 — समोरून
हे वाचून जरा धीर आला दादा. वाळवायला जागा आहे, पण पहाटे दव पडतंय अजून.

10:09 — मी
दवाचं बरोबर ओळखलंत, तिथंच लोक चुकतात. मातीवर टाकायची नाही, फरशी नाहीतर ताडपत्री. दोन-तीन इंचांचा थर, दिवसातनं एकदोनदा हलवायची, संध्याकाळी गोळा करून झाकायची. भिजली की रंग डागाळतो. दहा-पंधरा दिवस लागतात. वाळली का ते कानानं कळतं: दोन हळकुंडं एकमेकांवर आपटली की खणखणीत आवाज येतो, आणि मोडलं तर कट्कन मोडतं.

त्या ओली मागणाऱ्याचं आता सांगतो. ओली शंभर किलो वाळून साधारण वीस किलो उरते. तो जो भाव बोलतोय त्याला पाचानं गुणा, मग सांगली मार्केट यार्डातल्या वाळक्या हळदीच्या भावाशी लावून बघा. मजुरी, कुकर, पॉलिश, गाडीभाडं वजा करा आणि मग ठरवा. सांगलीच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालंय, इथल्या मालाला नाव आहे. आणि वाळकी हळद टिकते. हरिपूरच्या पेवांत लोक वर्षानुवर्षं ठेवायचे, 2005 च्या पुरात पाणी शिरलं तोवर. म्हणजे भाव पडला म्हणून त्याच दिवशी विकायची सक्ती नाही. घरी कोरड्या खोलीत, भिंतीपासून लांब, फळ्यांवर पोती ठेवली तरी चालतं.

पण घरात पैशाची नड असेल तर थोडी विका, त्यात कमीपणा नाही. सगळी मात्र एकदम नको.

10:12 — समोरून
अडत्याकडं मी कधी गेले नाही. पट्टी कशी वाचायची तेही येत नाही.

10:15 — मी
पहिल्या वेळी माझी पत्नी येईल तुमच्याबरोबर. आमची पट्टी गेली कैक वर्षं तीच बघते. वजन, भाव, हमाली, तोलाई, अडत हे पाच आकडे तुमच्यासमोर बसून बोट ठेवून दाखवेल. दुसऱ्या वेळी तुम्हीच तिला सांगाल.

10:18 — समोरून
दादा, तुमच्या कुकरचे पैसे किती होतील? आत्ता हातात फार नाहीत.

10:19 — मी
दर भाऊंना होता तोच. पट्टी आली की द्या, आधी नको.
खणणी कधी धरताय?

10:24 — समोरून
पाणी आठ दिवसांपूर्वीच तोडलंय. म्हणजे येत्या शनिवारी पाला कापते आणि पुढच्या गुरुवारी बायका लावते.

10:26 — मी
मग त्याच्या पुढच्या सोमवारी सकाळी सातला कुकर घेऊन मी तुमच्या बांधावर. दोन ताडपत्र्या माझ्याकडच्या आणतो. पाण्याची सोय तेवढी ठेवा. जळणही तुमचंच लागेल. लाकूड वाळलेलं हवं, ओल्यानं नुसता धूर होतो.

10:31 — समोरून
जळण आहे दादा. पावसाळ्याआधी त्यांनी बाभळीचे ओंडके फोडून गोठ्यामागं रचलेत. वर पत्रा घातलाय. मी हात लावला नव्हता अजून.

10:32 — मी
मग तेच लावू, वहिनी.