विषय: तांबेकर वाड्याचं काम माझ्या परिचयात लिहितेय, त्याआधी तुम्हाला विचारायचं होतं

नमस्कार मॅडम,

कशा आहात? गुडघा आता बरा असेल अशी आशा आहे, दांडिया बाजारात तुमच्या ताई भेटल्या होत्या, त्यांच्याकडून कळलं.

एक काम होतं. पुण्यात पुढच्या महिन्यात भित्तिचित्रांच्या फोटो-डॉक्युमेंटेशनवर वर्कशॉप आहे, मला शिकवायला बोलवलंय आणि त्यांना छोटासा बायो हवाय. त्यात आपलं तांबेकर वाड्याचं काम यावं असं मनापासून वाटतं, कारण मी जे काही शिकले ते तिथेच, पण छापलं गेलं की ते कायमचं, म्हणून आधी तुम्हाला दाखवतेय. मी असं लिहिलंय:

"२०१६-१७ मध्ये वडोदऱ्याच्या तांबेकर वाड्यातल्या भित्तिचित्रांच्या फोटो-नोंदणीच्या टीममध्ये असिस्टंट फोटोग्राफर. सुमारे ६४० फ्रेम्सची सूची तयार केली."

माझ्या आठवणीप्रमाणे आपण नोव्हेंबर २०१६ ला सुरू केलं आणि मार्चमध्ये संपवलं, पण माझ्या जुन्या मेल्समध्ये शेवटची फाइल एप्रिलची दिसतेय, ती करेक्शनची असावी का? ६४० हा आकडाही माझ्या डायरीतला आहे, रिपीट शॉट्स धरून की सोडून ते लिहिलेलं नाही. तुमच्याकडे फायनल रिपोर्ट असेल तर त्यातला आकडा सांगाल का, तोच घालते.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सूचीचं. पहिला साचा तुम्ही बनवला होता, भिंत, पट्टा, प्रसंग, रंगाची झीज असे कॉलम तुमचेच, आणि कृष्णलीलेचे प्रसंग ओळखायला तुम्ही रोज संध्याकाळी बसायचात. मी फक्त भरत गेले. मग "सूची तयार केली" हे बरोबर आहे की "सूची तयार करण्यात सहभाग" म्हणू? मला दुसरं जास्त खरं वाटतं, पण तुम्ही सांगाल तसं. तुमचं नाव मार्गदर्शक म्हणून घेतलं तर चालेल ना? नको असेल तर मोकळेपणाने सांगा, अजिबात वाईट वाटणार नाही.

आणि वाडा पुरातत्व खात्याच्या संरक्षणात आहे, फोटोही परवानगी घेऊनच काढले होते, तेव्हा एखादा फोटो स्लाइडवर दाखवायचा असेल तर पुन्हा परवानगी लागेल का? तुम्हाला माहीत असेल म्हणून विचारते, नसेल तर मी ऑफिसला अर्ज करीन, तोपर्यंत फोटो वापरत नाही.

त्यांना मजकूर शुक्रवारी द्यायचाय. गुरुवारपर्यंत दोन ओळी लिहिल्यात तरी खूप झालं, टाइप करायचा कंटाळा असेल तर संध्याकाळी सहानंतर मी फोन करते, फक्त कधी करू ते कळवा. फ्लॅश न वापरता त्या अंधाऱ्या खोलीत प्रत्येक फ्रेममध्ये कलर कार्ड आणि पट्टी ठेवायला तुम्ही लावायचात, तेच मी वर्कशॉपमध्ये पहिल्या दिवशी शिकवणार आहे.

तब्येत सांभाळा.

तुमची,
अनघा