विषय: मंगळवारची जळगावची मुलाखत आता बुधवारी, 10 जूनला दुपारी 3 वाजता व्हिडिओवर (जळगावला येऊ नका)

नमस्कार भाग्यश्री मॅडम,

रविवारी संध्याकाळी मेल पाठवतोय याबद्दल आधी क्षमस्व. पण उद्या संध्याकाळी तुम्ही मावशीकडे मुक्कामाला जळगावला निघणार, असं फोनवर बोलला होतात. ती पिशवी भरण्याआधी हे तुम्हाला कळायला हवं.

केळी विभागाच्या फील्ड ऑफिसर पदासाठी तुमची मुलाखत मंगळवारी, 9 जूनला सकाळी 11 वाजता आमच्या जळगाव एमआयडीसीतल्या कार्यालयात ठरली होती. ती तिथे होणार नाही. ती आता व्हिडिओवर होईल:

वार व तारीख: बुधवार, 10 जून
वेळ: दुपारी 3:00 ते साधारण 3:45
गूगल मीटची लिंक: https://meet.google.com/tvh-qkzr-bwn

आधीच्या मेलमध्ये मी 11 वाजताचं कॅलेंडरचं आमंत्रण पाठवलं होतं. ते रद्द केलं आहे. फोनवर त्याची आठवण वाजलीच तर दुर्लक्ष करा. बुधवारचं नवीन आमंत्रण या मेलसोबतच येईल आणि त्यातही हीच लिंक असेल.

कारण सांगतो, म्हणजे मनात किंतु राहणार नाही. काल संध्याकाळच्या वादळात रावेर आणि यावलकडच्या बऱ्याच बागा आडव्या झाल्या. घड लागलेली झाडं मोडून पडली आहेत. त्यात आमच्याकडून रोपं नेलेले शेतकरीही आहेत. तुमची मुलाखत घेणारे आमचे कृषिविद्या प्रमुख चौधरी सर आज पहाटेच तिकडे गेले. मंगळवारचा पूर्ण दिवस ते बांधावरच असतील. बुधवारी दुपारी सावद्याला एका ठिकाणी बसून तासभर देता येईल, असं त्यांनी कळवलं. त्यांच्याशिवाय मुलाखत उरकून घ्यायचा पर्याय होता, पण तो मला पटला नाही. तुम्ही पुढे ज्यांच्या हाताखाली काम करणार, त्यांनीच तुमच्याशी बोलायला हवं. आणि केळीतलं मला कितीसं कळतं? मी भरतीवाला माणूस.

तुम्ही दोंडाईच्याहून रेल्वेने येणार होतात. आरक्षित तिकीट काढलं असेल तर आज रात्रीच रद्द करा. जितके पैसे कापले जातील, त्याचा स्क्रीनशॉट मला याच मेलवर पाठवा. ती रक्कम आम्ही तुमच्या खात्यावर भरू. त्यासाठी फक्त खातं क्रमांक आणि आयएफएससी कोड लागेल, आणि तोही तुमच्याकडून मेलवर. फोन करून कोणी ओटीपी मागितला, किंवा 'मुलाखतीचं नोंदणी शुल्क भरा' म्हणाला, तर तो आमचा माणूस नाही, फोन ठेवून द्या. आम्ही उमेदवाराकडून एक रुपयाही घेत नाही. हे मुद्दाम लिहितोय, कारण नोकरीच्या नावाने असे फोन आजकाल सर्रास येतात आणि मुलाखतीची वेळ बदलली की माणूस गोंधळात सापडतो. लिंकसुद्धा या मेलमधलीच वापरा, व्हॉट्सॲपवर कुणी दुसरी पाठवली तर उघडू नका.

मुलाखतीला आम्ही तिघं असू. चौधरी सर सावद्याहून, विक्री विभागाच्या महाजन मॅडम जळगावहून आणि मी. सुरुवातीची पाच मिनिटं ओळखीत जातील. धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातलं तुमचं शिक्षण आणि कृषी केंद्रातली दोन वर्षं यांबद्दल महाजन मॅडम विचारतील. त्यानंतरचा मोठा वेळ चौधरी सरांचा.

इथे एक बदल आहे, तो नीट वाचा. कार्यालयात तुमच्यापुढे पानांचे आणि मुळांचे खरे नमुने ठेवायचे होते. आता तसं करता येणार नाही, म्हणून सर स्क्रीनवर फोटो दाखवतील आणि हे काय दिसतंय, शेतकऱ्याला काय सांगाल, असं विचारतील. करपा आहे की पालाशची कमतरता, हरण्या आहे की तणनाशकाचा फटका, अशा धर्तीचे प्रश्न असतील. फोटोत पान हाताळता येत नाही, मागची बाजू बघता येत नाही, हे सरांनाही माहीत आहे. फोटोवरून ठरवता येत नसेल तर तसं मोकळेपणाने सांगा, आणि बागेत उभ्या असतात तर आणखी काय तपासलं असतं ते सांगा. मागच्या वर्षी एका उमेदवाराने प्रत्येक फोटोला ठासून एकेक रोगाचं नाव दिलं होतं. सरांना ते आवडलं नव्हतं, एवढं सांगून ठेवतो.

वही-पेन जवळ ठेवा. पाच बाय सहा फुटांवर एकरी 1452 रोपं बसतात हे तुम्हाला पाठ असेलच, पण अंतर बदललं, ठिबकच्या नळीवरचे ड्रिपर बदलले, की हिशेब बांधावर उभ्या उभ्या करावा लागतो. तसे दोन-तीन हिशेब असतील. मोबाईलमधला कॅल्क्युलेटर वापरला तरी चालेल, पण मीट त्याच मोबाईलवर चालू असेल तर पंचाईत होईल. साधा कॅल्क्युलेटर असेल तर बरं.

बोलायचं मराठीतच. एखादा प्रश्न अहिराणीतून येईल, त्याचं उत्तरही अहिराणीतच द्या. तुमचा भाग शिरपूर ते शहादा असणार, तिथे शेतकऱ्याच्या ओट्यावर बसून पुस्तकी मराठीत बोललं तर काम पुढे सरकत नाही. चौधरी सर स्वतः लेवा बोलीवाले आहेत, त्यांची अहिराणी थोडी अडखळते. हसू आलं तर हसा, ते स्वतःही हसतात.

आता जोडणीचं. लॅपटॉप असेल तर क्रोममध्ये लिंक उघडली की पुरे, वेगळं काही टाकावं लागत नाही. मोबाईलवरून असाल तर गूगल मीटचं ॲप आधीच घेऊन ठेवा, ऐन वेळी अपडेट मागत बसतं. कॅमेरा आणि माइकला परवानगी मागेल, ती द्या. तुम्ही लिंक दाबली की मला इकडे विनंती दिसते आणि मी आत घेतो. तिथे तुमचं नाव दिसायला हवं. घरातला मोबाईल भावाच्या किंवा वडिलांच्या जीमेलवर चालू असेल तर मला त्यांचं नाव दिसेल आणि कोणी अनोळखी समजून मी बाहेरच ठेवेन. तसं असेल तर आधी कळवा. 2:50 ला जोडून बसलात तर उत्तम.

मोबाईल हातात धरू नका. पुस्तकांच्या चळतीला टेकवून डोळ्यांच्या उंचीवर ठेवा आणि उजेड तोंडावर येईल असं बसा. कपड्यांचं फार मनावर घेऊ नका, नीटनेटके असले म्हणजे झालं. आणि एक विनंती, ऐकायला विचित्र वाटेल: मुलाखत चालू असताना कूलर बंद ठेवा. जूनच्या दुपारी खान्देशात हे सांगणं म्हणजे छळच आहे, मला मान्य. पण गेल्या महिन्यात एका मुलाचं अर्धं बोलणं आम्हाला कूलरच्या घरघरीत ऐकूच आलं नाही. चांगला मुलगा होता, तीन-तीनदा विचारून तो बिचारा कंटाळला आणि आम्हीही. पंखा चालेल. घाम आला तर पुसा, आम्हीही इकडे पुसतच बसलेले असू.

लाईट गेली तर घरचं वायफायही जातं, म्हणून मोबाईलमध्ये एखादा जीबी डेटा शिल्लक ठेवा आणि चार्जिंग पूर्ण करून बसा. मध्येच संपर्क तुटला तर घाबरू नका, त्याच लिंकवर पुन्हा या. 3:15 पर्यंत तुम्ही दिसला नाहीत तर मीच फोन लावेन. अगदीच जमलं नाही तर चौधरी सर आणि महाजन मॅडमना फोनवर जोडून घेतो, फोटोंचा भाग दुसऱ्या दिवशी करू. रेंज गेली म्हणून कुणाचे गुण कापत नाही. आमची निम्मी माणसं रोज शेतातून 'हॅलो, हॅलो' करत असतात.

गावात नेटवर्क भरवशाचं नसेल तर आणखी एक सोय आहे. शहाद्यात आमचं छोटं विक्री केंद्र आहे, तिथली मागची खोली बुधवारी दुपारी 2 ते 4 तुमच्यासाठी मोकळी ठेवायला सांगितली आहे. टेबल, वायफाय, इन्व्हर्टर आहे. दार बंद करून बसता येईल, कुणी डोकावणार नाही. सोबत भाऊ येणार असतील तर त्यांना बाहेर दुकानात बसता येईल. मुलाखतीच्या वेळी मात्र खोलीत तुम्ही एकट्याच असाव्यात. हवं असेल तर सांगा, पत्ता आणि तिथल्या माणसाचा नंबर लगेच पाठवतो.

कागदपत्रांबाबत: मंगळवारी मूळ प्रती दाखवायच्या होत्या, त्या आता नकोत. बी.एस्सी. कृषीची चारही वर्षांची गुणपत्रकं, पदवी प्रमाणपत्र आणि कृषी केंद्राचं अनुभवपत्र मंगळवारी संध्याकाळी 6 पर्यंत पीडीएफमध्ये याच मेलवर पाठवा. मोबाईलने काढलेले फोटोही चालतील, अक्षरं वाचता आली म्हणजे झालं. दुचाकीचा परवाना असेल तर तोही जोडा, फिरतीच्या कामाला लागतो. मूळ कागद निवड झाल्यावर बघू.

व्हिडिओवर गेली म्हणजे मुलाखत दुय्यम झाली, असं समजू नका. 9 तारखेच्या चारही उमेदवारांना हाच बदल कळवला आहे, सगळ्यांना सारखाच वेळ आणि तेच फोटो. मुलाखत रेकॉर्ड होणार नाही. यातून ज्यांना पुढे बोलावू, त्यांची दुसरी फेरी प्रत्यक्षच असेल: अर्धा दिवस आमच्या टिश्यू कल्चर रोपवाटिकेत आणि उरलेला एखाद्या शेतकऱ्याच्या बागेत. तेव्हा जळगावला यावंच लागेल आणि त्याचं जाण्यायेण्याचं भाडं आम्ही देऊ. निर्णय, हो असो वा नाही, बुधवार 17 जूनपर्यंत मेलने कळवतो.

उद्या, सोमवारी दुपारी 12 पर्यंत एवढंच उत्तर द्या: बुधवारी 3 ची वेळ जमतेय का, आणि घरून बसणार की शहाद्याच्या केंद्रातून. बुधवारी खरंच अडचण असेल तर तेही स्पष्ट कळवा. गुरुवारी 11 तारखेला सकाळी 10 ला चौधरी सरांकडून अर्धा तास मागून ठेवला आहे, पण तो एकाच उमेदवाराला देता येईल.

मेल पाहिला गेला नाही तर, म्हणून उद्या सकाळी साडेनऊला मी एक फोनही करतो. नंबर तोच असेल, ज्यावरून आपलं गुरुवारी बोलणं झालं होतं.

मावशींना तेवढं कळवा, उद्या जेवायला थांबायच्या.

आपला,
नितीन
भरती विभाग, जळगाव