नेमणूक पत्र : घाणाचालक व विक्री सहायक

रुक्मिणी लाकडी घाणा
मार्केट यार्ड रोड, कराड, जि. सातारा 415110

दिनांक : 24 मे 2024

प्रति,
श्री. सागर तानाजी मोरे
मु. पो. मसूर, ता. कराड, जि. सातारा

विषय : घाणाचालक व विक्री सहायक या पदावरील नेमणुकीबाबत.

महोदय,

आपला अर्ज आणि दिनांक 18 मे 2024 रोजी घाण्यावर झालेली प्रत्यक्ष भेट व बोलणी यांस अनुसरून आपली वरील पदावर सोमवार, दिनांक 3 जून 2024 पासून नेमणूक करण्यात येत आहे. आजवर हा व्यवसाय केवळ घरच्या माणसांच्या बळावर चालत आला असून पगारी नेमणूक ही पहिलीच आहे. त्यामुळे ज्या गोष्टी जुन्या आस्थापनांत रूढीने ठरलेल्या असतात, त्या येथे लिहून ठरवाव्या लागत आहेत. पत्र थोडे लांबले आहे ते त्यामुळेच. यातील अटी जितक्या आपल्यावर, तितक्याच मालक म्हणून माझ्यावरही बंधनकारक राहतील.

1. कामाचे स्वरूप

आपले मुख्य काम घाण्यावरील गाळपाचे आहे. शेंगदाणा, करडई, सूर्यफूल, तीळ व खोबरे यांचे गाळप आपल्याकडे होते. आलेला माल पोत्यातून थेट उखळात न ओतता आधी चाळून, खडे, माती आणि विशेषतः बुरशी लागलेले किंवा काळे पडलेले दाणे निवडून बाजूला काढावेत. असा माल कितीही थोडा असला तरी तो गाळपाला घ्यायचा नाही आणि त्याबाबत निर्णय करताना तेल कमी निघेल याची काळजी आपण करायची नाही. गाळलेले तेल स्टीलच्या टाकीत गाळ बसण्यासाठी ठेवणे, गाळ खाली बसल्यावर वरचे तेल निथळून घेणे, पेंड वेगळी वजन करून पोत्यात भरणे आणि दिवसाअखेर घाणा, टाक्या व गाळण्या स्वच्छ करणे ही कामेही त्यातच येतात.

प्रत्येक गाळपाची नोंद घाणावहीत त्याच वेळी करावी : माल किती किलो घातला, तेल किती निघाले, पेंड किती निघाली आणि घट किती आली. संध्याकाळी आठवून एकदम लिहिलेली नोंद ग्राह्य धरली जाणार नाही.

शेतकरी व घरगुती ग्राहक स्वतःचा माल घेऊन गाळपासाठी येतात, त्या कामाला विशेष जपावे लागेल. अशा मालाचे वजन ग्राहकासमोर करून पावतीवर लिहावे, एका ग्राहकाचा माल दुसऱ्याच्या मालात मिसळू नये, आणि तेल व पेंड दोन्ही ग्राहकासमोर वजन करून त्याच्या स्वाधीन करावे. ग्राहक थांबणार नसेल तर त्याच्या डब्यावर नाव व पावती क्रमांकाची चिठ्ठी लावल्याशिवाय गाळप सुरू करू नये. मूठभर दाण्यांवरून गेलेला विश्वास परत मिळत नाही, म्हणून या बाबतीत सवलत नाही.

विक्रीच्या बाजूने, बाटल्या व डबे भरणे, त्यांवर बॅच क्रमांक, पॅकिंगची तारीख, निव्वळ प्रमाण आणि किंमत असलेले लेबल लावणे, काउंटरवर बिल करणे आणि साठ्याची मोजणी करणे हे आपल्याकडे राहील. सुटे तेल मागणाऱ्या ग्राहकाला, तो ओळखीचा असला तरी, नम्रपणे नकार द्यावा. विक्रीचे तेल लेबल लावलेल्या सीलबंद बाटलीतूनच जाईल. उधारी देण्याचा अधिकार आपल्याला नाही. तसेच दाणे खरेदीचा भाव ठरवण्याचे काम माझ्याकडेच राहील.

अन्नपदार्थ हाताळण्याचे काम असल्याने वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी करून घेणे आवश्यक आहे; तिचा खर्च घाणा करील आणि तपासणीचा दिवस कामाचा दिवस धरला जाईल. कामावर टोपी व स्वच्छ एप्रन वापरावा. दोन्ही घाण्याकडून मिळतील.

2. सुरक्षितता

लाट फिरत असताना उखळात हात, काठी किंवा उलथणे घालू नये. माल चिकटला किंवा अडकला तर आधी मोटर, मग मेन स्विच बंद करून लाट पूर्ण थांबल्याची खात्री करावी. वीज गेली असेल तर ती अचानक येऊ शकते हे ध्यानात ठेवून त्या काळातही मेन स्विच बंदच ठेवावा. सैल बाह्यांचा शर्ट, गळ्यात उपरणे किंवा लोंबते काहीही घालून घाण्याजवळ उभे राहू नये. या सूचना न पाळल्या तर मी काम तिथेच थांबवीन, मग बाहेर कितीही गिऱ्हाईक खोळंबलेले असो.

कामावर इजा झाल्यास औषधोपचाराचा खर्च घाणा करील. कायद्याने आपल्याला मिळू शकणारी भरपाई याखेरीज राहील. आपल्या बँक खात्यावरून प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत सहभागी व्हावे. तिचा वार्षिक हप्ता 20 रुपये घाण्याकडून भरून मिळेल.

3. वेतन

आपले एकूण मासिक वेतन 17,000 रुपये राहील. त्यात मूळ वेतन व विशेष भत्ता मिळून 14,500 रुपये, घरभाडे भत्ता 1,500 रुपये आणि मसूर ते कराड जाण्यायेण्यासाठी प्रवास भत्ता 1,000 रुपये असे घटक आहेत. परिवीक्षा काळ समाधानकारक पूर्ण होऊन आपण कायम झाल्यावर एकूण वेतन 18,000 रुपये होईल व ही वाढ मूळ वेतनात धरली जाईल. राज्य शासन किमान वेतनावरील विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी, जानेवारी व जुलैपासून, जाहीर करते. त्यामुळे आपल्या वर्गासाठीचे किमान वेतन वरील 14,500 रुपयांच्या पुढे गेल्यास आपण मागणी करण्याची वाट न पाहता त्या तारखेपासून फरक दिला जाईल.

वेतन पुढील महिन्याच्या 7 तारखेच्या आत आपल्या बँक खात्यात जमा होईल आणि सोबत लेखी पगारपत्रक मिळेल. रोखीने वेतन दिले जाणार नाही. वेतनातून व्यवसाय कर दरमहा 200 रुपये व फेब्रुवारीत 300 रुपये कापून शासनाकडे भरला जाईल. बिनपगारी रजेची कपात मासिक वेतनाला 26 ने भागून येणाऱ्या दराने होईल. उचल हवी असल्यास लेखी मागावी. ती एका महिन्याच्या मूळ वेतनापेक्षा जास्त मिळणार नाही आणि चार समान हप्त्यांत परत घेतली जाईल.

गल्ल्यात तूट आली किंवा साठ्यात फरक पडला, तर आपल्याला त्याचे कारण सांगण्याची संधी दिल्याशिवाय आणि बिलांशी ताळा घेतल्याशिवाय आपल्या वेतनातून काहीही कापले जाणार नाही. गाळताना येणारी नेहमीची घट ही तूट समजली जाणार नाही.

भविष्य निर्वाह निधी, राज्य विमा व बोनस यांचे कायदे सध्याच्या कामगारसंख्येमुळे या आस्थापनेला लागू नाहीत. तरीही दिवाळीपूर्वी, त्या वर्षात आपण केलेल्या कामाच्या काळापुरत्या मूळ वेतन व विशेष भत्त्याच्या 8.33 टक्के इतकी रक्कम बोनस म्हणून देण्याचे मी मान्य करीत आहे.

4. कामाची वेळ

कामाची वेळ सकाळी 9.30 ते सायंकाळी 6.30 अशी असून दुपारी 1.30 ते 2.30 जेवणाची सुट्टी राहील. म्हणजे दिवसाचे काम आठ तास व आठवड्याचे 48 तास होईल. मंगळवारी साप्ताहिक सुट्टी राहील. सायंकाळी 6.30 नंतर दुकान सुरू असले तरी काउंटर घरची माणसे सांभाळतील आणि आपण थांबावे अशी अपेक्षा नाही.

दिवाळीच्या फराळाच्या दिवसांत काम वाढते हे आपण भेटीच्या वेळी जाणून घेतलेच आहे. त्या काळात जादा काम करावे लागल्यास ते आदल्या दिवशी सांगितले जाईल आणि प्रत्येक जादा तासाला नेहमीच्या दराच्या दुप्पट, म्हणजे सध्याच्या वेतनावर तासाला 164 रुपये, मिळतील. दुसऱ्या दिवशी उशिरा या, असे सांगून जादा तासांची भरपाई केली जाणार नाही. जादा तासांची नोंद हजेरीवहीत दोघांच्या सहीने होईल.

5. रजा व सुट्ट्या

महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, 2017 च्या सर्व तरतुदी एका कर्मचाऱ्याच्या आस्थापनेला लागू होत नसल्या, तरी रजेचा हिशेब त्याच धर्तीवर ठेवण्याचे ठरवले आहे. वर्षाला आठ किरकोळ रजा मिळतील. 2024 च्या उरलेल्या काळासाठी त्या चार राहतील. याखेरीज काम केलेल्या दर 20 दिवसांमागे एक भरपगारी अर्जित रजा जमा होईल. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर, गुढीपाडवा, गणेश चतुर्थी, बलिप्रतिपदा आणि आपल्या गावच्या यात्रेचा एक दिवस या आठ भरपगारी सुट्ट्या राहतील. यात्रेचा दिवस आठवडाभर आधी कळवावा. आजारपणामुळे येता येत नसल्यास सकाळी 9 पूर्वी फोन करावा. घरच्या कोणी केला तरी चालेल.

6. परिवीक्षा काळ

परिवीक्षा काळ सहा महिन्यांचा, म्हणजे 3 जून ते 2 डिसेंबर 2024 असा राहील. तीन महिने झाल्यावर, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, मी आपल्याशी कामाबद्दल समोरासमोर बोलेन व त्रुटी असल्यास लेखी देईन, म्हणजे सुधारण्यास वेळ मिळेल. घाणावहीची नियमितता, स्वच्छता, सुरक्षिततेच्या सूचनांचे पालन आणि ग्राहकांशी वागणूक या चार बाबी पाहिल्या जातील. तेलाचा उतारा मालाच्या प्रतीवर अवलंबून असल्याने तो यात धरलेला नाही. आवश्यक वाटल्यास हा काळ एकदाच, जास्तीत जास्त तीन महिन्यांनी, लेखी कारण देऊन वाढवता येईल. 2 डिसेंबरपर्यंत माझ्याकडून कोणतेही पत्र न मिळाल्यास आपण 3 डिसेंबर 2024 पासून कायम झालात असे समजावे.

7. नोकरी सोडणे व सोडवणे

परिवीक्षा काळात कोणत्याही बाजूने 15 दिवसांची आणि कायम झाल्यावर 30 दिवसांची लेखी सूचना देऊन ही नेमणूक संपवता येईल. सूचनेचा काळ कमी करायचा असल्यास कमी केलेल्या दिवसांचे वेतन ज्या बाजूने तो कमी केला तिने द्यावे. दोघांच्या संमतीने ते माफही करता येईल. चोरी, भेसळ, वजनात लबाडी किंवा दारू पिऊन घाण्यावर येणे अशा प्रकारात सूचनेशिवाय कामावरून कमी केले जाऊ शकते, परंतु त्याआधी आरोप लेखी देऊन आपले म्हणणे लेखी घेतले जाईल.

नोकरी संपल्यावर थकीत वेतन, शिल्लक अर्जित रजेचे पैसे आणि अनुभवाचा दाखला दोन कामाच्या दिवसांत देण्यात येईल. आपण किल्ल्या, घाणावही आणि पावतीपुस्तके त्याच वेळी परत करावीत. पुढे आपण दुसऱ्या घाण्यावर काम केले किंवा स्वतःचा घाणा टाकला तरी आमची हरकत राहणार नाही. मात्र आमच्या ग्राहकांची यादी व खरेदीचे दर बाहेर देऊ नयेत.

8. इतर

आधार, पॅन, बँक पासबुक व शैक्षणिक दाखल्यांच्या केवळ छायाप्रती घेतल्या जातील. मूळ कागदपत्रे किंवा अनामत रक्कम ठेवून घेतली जाणार नाही. या अटींत बदल करायचा झाल्यास तो दोघांच्या सहीने लेखीच होईल.

हे पत्र दोन प्रतींत दिले आहे. घरी वाचून, कोणाला दाखवायचे असल्यास दाखवून, दिनांक 31 मे 2024 पर्यंत एक प्रत सही करून परत करावी व दुसरी आपल्याजवळ ठेवावी.

आपली विश्वासू,

(सही)
सौ. मेघना अनिल जाधव
मालक, रुक्मिणी लाकडी घाणा, कराड

स्वीकृती

वरील पत्र मी पूर्ण वाचले असून त्यातील कामाचे स्वरूप, वेतन, वेळ, परिवीक्षा काळ व सूचनेची मुदत मला मान्य आहे. मी दिनांक 3 जून 2024 रोजी सकाळी 9.30 वाजता कामावर हजर होईन. पत्राची एक प्रत मला मिळाली.

(सही)
सागर तानाजी मोरे
कराड, दिनांक 29 मे 2024