चाराले एक

प्रश्न सहावा असा होता: ‘एका शेतात सोयाबीनच्या 4 ओळी व तुरीची 1 ओळ या क्रमाने पेरणी केली आहे. तुरीच्या ओळी एकूण ओळींच्या किती भाग आहेत? अपूर्णांकात लिहा.’

वेदांतने लिहिलं होतं 1/4. त्यावर लाल शाईची फुली.

बाकीचे नऊच्या नऊ प्रश्न बरोबर होते. संगीताने पेपर उलटसुलट करून पुन्हा पाहिला. 2/7 आणि 3/7 ची बेरीज त्याला आली होती. 1/6 मोठा की 1/8, हेही आलं होतं. ते तर पाचवीतली बरीच पोरं आठ मोठा म्हणून चुकवतात. 2/3 ला 6/9 शी जोडलं होतं. आठ घरांच्या पट्टीतली तीन घरं रंगवलेली, त्याचं 3/8 नीट लिहिलं होतं. एवढं सगळं येणारा पोरगा वावरातल्या सोप्या गणितात कसा अडकला?

गजानन नुकताच वावरातून आला होता. सोयाबीन फुलोऱ्यावर, त्यात चक्रीभुंगा दिसायला लागलेला, म्हणून सकाळपासून फवारणी चालू होती. न्हाणीवर साबणानं हातपाय धुऊन, कपडे बदलून तो आत आला आणि पेपर लांबूनच वाचला.

“यात काय चुकलं? चाराले एक. आपल्या वावरात थेच तं हाय. सरायनं घाईत फुली मारली असन.”

“मी पन थेच म्हनलं,” वेदांत लगेच म्हणाला. “पेरतानी बाबा सारखे म्हनत होते, चाराले एक, चाराले एक.”

“उद्या जातो शाळेत. इचारतो.”

“थांबा जी,” संगीता म्हणाली. “आधी मले समजू द्या.”

दहावीनंतर तिचं शिक्षण सुटलं, पण बचत गटाचं रजिस्टर तिच्याकडे होतं. कोणाचा हप्ता किती, व्याज किती, हे लिहिताना रुपयाचा घोळ निघाला की चूक सापडेपर्यंत ती उठत नसे. घोळ कुठल्या ओळीत आहे हे कळल्याशिवाय नुसती बेरीज दुरुस्त केली, तर पुढच्या महिन्यात तोच घोळ परत येतो, हे तिला पक्कं माहीत होतं. वेदांतला ‘1/5 लिव’ एवढं सांगणं सोपं होतं. पण 1/4 त्याच्या डोक्यात कुठून आलं, ते तिला पाहिजे होतं.

बेरजेत चुकला का, हे तिनं आधी तपासलं. “चार आन एक किती?”

“पाच.” तो चिडलाच. “येवढं तं येते मले, आई.”

“बरं. एका भाकरीचे चार तुकडे केले, तू एक खाल्ला. किती भाग खाल्ला?”

“एक छेद चार.”

“आन उरली किती?”

“तीन छेद चार.”

उत्तर झटकन आलं आणि बरोबर आलं. म्हणजे अंश-छेद त्याला कळत होते. मग तिनं तूर आणि सोयाबीन बाजूलाच ठेवलं. कदाचित बापाचं ऐकून ऐकून तेवढंच एक उत्तर तोंडात बसलं असेल. दुसरं काहीतरी द्यावं म्हणून तिनं गोठ्याकडे बोट केलं.

“आपल्या बकऱ्या किती?”

“पाच.”

“काळ्या?”

“तीन. दोन पांढऱ्या.”

“मंग काळ्या बकऱ्या किती भाग झाल्या?”

वेदांतने पेपरच्या मागच्या कोऱ्या जागेवर लिहिलं: 3/2.

संगीता त्या आकड्याकडे पाहत राहिली. पाच बकऱ्या त्याने आताच सांगितल्या होत्या, आणि उत्तरात पाच कुठेच नव्हते. तीन काळ्या वर, दोन पांढऱ्या खाली. तुरीचंही तसंच, एक तास म्हणजे एक ओळ वर, सोयाबीनचे चार तास खाली. बापाच्या बोलण्यामुळे झालेली ही एका प्रश्नाची चूक नव्हती. ही त्याची रीत होती.

“तीन छेद दोन म्हंजे किती रे?”

“दीड.”

“काळ्या बकऱ्या दीड?”

ती थांबली. तिला वाटलं, आता तो हसेल, आपलं आपणच खोडेल. पण वेदांत गडबडला नाही. “हो ना. पांढऱ्याच्या दीडपट काळ्या हायत. दोनाची दीडपट तीन.”

आणि ते बरोबर होतं. संगीताने मनात दोनदा करून पाहिलं. दोनाची दीडपट तीनच. पोराने आंधळेपणाने काही लिहिलेलं नव्हतं. त्याने एका प्रश्नाचं नीट उत्तर काढलं होतं, फक्त तो प्रश्न कोणी विचारला नव्हता. तिला आतून बरं वाटलं. फुलीखाली एवढा विचार दडलेला असेल हे पेपरवरून कोणाला दिसणार होतं?

“पांढऱ्याच्या दीडपट, हे खरं,” ती म्हणाली. “मी इचारलं साऱ्या बकऱ्यायचं.”

“साऱ्यायचं कसं? काळ्या तं काळ्यायच्या जागी हायत.”

“मंग भाकरीचं बरोबर कसं आलं तुले? तिथं खाली तीन काऊन नाही लिवले? एक खाल्ला, तीन उरले.”

वेदांत बराच वेळ बोलला नाही. गजाननही आता खाटेवरून सरकून जवळ आला होता.

“भाकर एकच असते ना,” वेदांत सावकाश म्हणाला. “चित्र असलं की सारे घरं मोजून खाली लिवाचे. सर म्हनते तसं. पन बकऱ्या तं एक वस्तू नाही. आन तूर येगळी, सोयाबीन येगळं. त्यायले एकात कसं मोजाचं?”

संगीताने पेपर खाली ठेवला. जे शोधत होती ते हे होतं. भाकर, पट्टी, गोल अशी एकसंध वस्तू समोर असली की त्याला तिचे भाग दिसत होते. दोन वेगळ्या जातीच्या वस्तू आल्या की ‘एकूण’ नावाचं काही त्याच्यासाठी उरतच नव्हतं. मग तो एकीला दुसरीसमोर उभी करून मोजायचा. पुस्तकातल्या चित्रांनी ही गोष्ट आजपर्यंत झाकून ठेवली होती, कारण चित्रात वेगळ्या जातीचं काही नसतंच. रंगवलेलं घर काय, कोरं काय, दोन्ही घरंच.

“एक काळी बकरी इकली समज,” ती म्हणाली. “आता दोन काळ्या, दोन पांढऱ्या. काळ्या किती?”

“अर्ध्या.”

“कसं काढलं?”

“काढाचं काय त्यात? अर्ध्याच हायत.”

“तुह्या रीतीनं लिव.”

त्याने 2/2 लिहिलं आणि पेन्सिल तिथेच अडली. “हे तं एक झालं,” तो म्हणाला. “पुरं.”

“पुरं म्हंजे?”

“म्हंजे साऱ्याच काळ्या.” त्याने 2/2 कडे पाहिलं, मग आईकडे. “पन अर्ध्या तं हायत!”

“मंग खाली किती पायजे?”

“चार. दोन छेद चार. थे अर्धं होते.” आणि चार कुठून आले हे त्याला कोणी विचारायच्या आधीच तो बोटं मोजू लागला. “काळ्या आन पांढऱ्या, साऱ्या बकऱ्या चार. पयले पाच होत्या. मंग काळ्या तीन छेद पाच!”

गजाननला हे सगळं पटत होतं, पण त्याचं मन पेरणीवरच अडलं होतं. “बकऱ्यायचं ठीक हाय. पन तूर चाराले एकच हाय ना? मी काय खोटं पेरलं?”

उत्तर वेदांतने दिलं. मृगाचं पाणी पडल्यावर ट्रॅक्टर आला तेव्हा तो मागे यंत्राजवळच उभा होता, तुरीचं बियाणं त्यानंच ओतलं होतं.

“बाबा, मशीनले नळ्या किती होत्या?”

“पाच.”

“तूर कितीतून पडत होती?”

“मधल्या एकातून. बाकी चारातून...” गजानन बोलता बोलता थांबला. मग त्याने हाताचा पंजा उघडला, मधलं बोट दुमडलं आणि उरलेल्या चार बोटांकडे पाहिलं. “पाचातून एक. हो बाप्पा. वीस तास मोजले तं तुरीचे चारच भरते. चौथा हिस्सा असता तं पाच भरले असते.”

“मंग तुमी चाराले एक काऊन म्हनता?” वेदांतला आता बापाचं बोलणंच चुकीचं वाटायला लागलं.

“थे पन खरंच हाय,” संगीता म्हणाली. “पेरनाऱ्याले सांगा लागते, सोयाबीनचे किती तास गेल्यावर तूर घ्याची. बाबा तुरीले सोयाबीनसोबत मोजते. सरायनं तुरीले साऱ्या वावरासोबत मोजाले सांगतलं. प्रश्नात ‘एकूण ओळींच्या’ लिवलं हाय, वाच.”

त्याने वाचलं. या खेपेला ‘एकूण’ शब्दाखाली पेन्सिलीची रेघ मारली.

ती एवढ्यावर थांबली नाही. शेजारच्या वावरात कपाशीच्या आठ तासांना एक तास तूर होती. तिचं विचारल्यावर वेदांतने तूर 1/9, कपाशी 8/9 लिहिलं, आणि दोन्ही मिळून 9/9 होते म्हणजे वावर पुरं झालं, असंही सांगितलं. तिनं ताबडतोब दुसरं घातलं. थैलीत सात संत्री आन दोन मोसंब्या, मोसंब्या किती भाग? वेदांतने फटकन 2/7 लिहिलं.

गजानन काही बोलणार होता. संगीताने हातानेच त्याला थांबवलं.

वेदांत पेन्सिल टेबलावर ठेवत होता, तेवढ्यात त्याने स्वतःच पुन्हा उचलली. “नाही, नाही. सारे फळं नऊ.” सात खोडून नऊ केले. जुनी रीत इतक्या लवकर जाणार नव्हती. ती हातात बसलेली होती, आणि घाई झाली की आधी तीच धावून येणार होती. पण आता तिला अडवायला त्याच्याजवळ एक प्रश्न होता, सारे मिळून किती?

जेवण झाल्यावर संगीताने पेपरच्या खालच्या भागात सही केली आणि सरांसाठी चार ओळी लिहिल्या: ‘सर, फुली बरोबर आहे. वेदांतला चित्र असले की अपूर्णांक येतो. दोन वेगळ्या वस्तू असल्या की तो एकीला दुसरीसोबत मोजतो, सगळ्या मिळून मोजत नाही. वर्गात आणखी कोणाचे असे होत असल्यास बकऱ्या किंवा फळे घेऊन विचारून पाहावे.’

वेदांत खांद्यावरून वाचत होता.

“आई, ‘मोजत नाही’ काऊन लिवलं?”

“मंग काय लिवू?”

“‘मोजत नव्हता’ लिव.”

संगीताने त्याच्या खोडलेल्या सातकडे पाहिलं, थोडा विचार केला, आणि ‘कधी कधी मोजत नाही’ असं केलं. वेदांतने तेवढं चालवून घेतलं.